जजमेंट खेळायला शिका : बोली कशी लावायची आणि हात कसे घ्यायचे, एका डावातून

पत्त्यांमध्ये झब्बू, बदाम सात, गुलामचोर खेळून झाले की पुढची पायरी बोलीच्या खेळांची. त्यांतला सर्वांत सोपा खेळ म्हणजे जजमेंट. काही घरांत त्याला काचुफूल म्हणतात. यात जोडीदार नसतो, प्रत्येक जण आपापला खेळतो. मेंढीकोटमध्ये जितके जास्त ओढता येईल तितके ओढायचे असते. इथे तसे नाही. डाव सुरू होण्याआधी ‘मी इतके हात करीन’ असे बोलायचे आणि बरोबर तितकेच करायचे. एक कमी झाला तरी शून्य, एक जास्त झाला तरी शून्य. नवा माणूस नेहमी या दुसऱ्या भागात अडकतो, म्हणून खालचा डाव मी मुद्दाम असा मांडला आहे की शेवटचे तीन हात नीट हरता आणि जिंकता आले पाहिजेत.

आधी शब्द. एका फेरीत प्रत्येकाने एकेक पान टाकले की झाला एक हात. सर्वांत भारी पान ज्याचे, त्याचा हात. फेरीचे पहिले पान टाकणे म्हणजे उतारी. ज्याने हात केला, पुढची उतारी त्याची. चार रंग म्हणजे इस्पिक, चौकट, किलवर आणि बदाम. प्रत्येक रंगात एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी, नव्वी असे उतरत दुर्रीपर्यंत. त्या डावापुरता एक रंग हुकूम असतो आणि हुकमाची दुर्रीसुद्धा इतर रंगांच्या एक्क्याला मारते.

पान टाकण्याचा नियम एकच आहे, पण तो कडक आहे. ज्या रंगाची उतारी झाली, तो रंग तुमच्याकडे असेल तर तोच द्यायचा. भारी द्या, हलके द्या, मर्जी तुमची, पण रंग तोच. तो रंग नसेल तरच तुम्हाला मोकळीक मिळते. मग हुकूम मारून हात कापा, किंवा नको असलेले कुठलेही पान फेकून द्या. कापायलाच हवे असे बंधन नाही. हात त्या फेरीतल्या सर्वांत मोठ्या हुकमाचा, आणि हुकूम पडलाच नसेल तर उतारीच्या रंगातल्या सर्वांत मोठ्या पानाचा. उतारी इस्पिकाच्या पंजीची असेल आणि तुम्ही हुकूम नसलेला बदामाचा एक्का टाकलात, तर तो एक्का वाया गेला.

खेळाची चौकट घरोघरी थोडी बदलते. आमच्या पद्धतीत चार जण असतील तर पहिला डाव सात पानांचा, मग सहा, पाच असे करत एका पानापर्यंत. हुकूम ठरलेल्या क्रमाने फिरतो : इस्पिक, चौकट, किलवर, बदाम, पुन्हा इस्पिक. काही जण उरलेल्या गठ्ठ्यातले वरचे पान उलटून हुकूम ठरवतात, तेही चालते. वाटणारा प्रत्येक डावाला बदलतो. बोली वाटणाऱ्याच्या डावीकडच्या माणसापासून सुरू होते, पहिली उतारीही त्याचीच. बोली पूर्ण केली तर दहा अधिक बोलीइतके गुण. म्हणजे तीन बोलून तीन केले तर १३, शून्य बोलून शून्य केले तर १०.

आणखी एक नियम आहे. खरे तर त्याच्यावरच खेळाची मजा उभी आहे. वाटणारा शेवटी बोलतो आणि सगळ्यांच्या बोलीची बेरीज त्या डावातल्या हातांइतकी होईल असे त्याला बोलता येत नाही. त्यामुळे सगळेच खूश होऊन उठले असे कधी होत नाही. प्रत्येक डावात किमान एक जण फसतोच.

आता डाव बघू. हा दुसरा डाव आहे, म्हणजे सहा पाने, हुकूम चौकट. वाटणारा दादा. त्याच्या डावीकडे आत्या, मग तुम्ही, मग काका. वाचताना समोर खरोखर पत्ते मांडून बसलात तर फार सोपे जाईल.

आत्या : किलवर एक्का, अठ्ठी, इस्पिक दश्शी, पंजी, बदाम नव्वी, चव्वी.
तुम्ही : इस्पिक एक्का, तिर्री, बदाम राजा, किलवर गुलाम, चौकट राणी, चव्वी.
काका : चौकट राजा, बदाम राणी, छक्की, इस्पिक गुलाम, किलवर नव्वी, पंजी.
दादा : इस्पिक राजा, अठ्ठी, बदाम दश्शी, दुर्री, किलवर राणी, चौकट सत्ती.

खेळताना अर्थातच तुम्हाला फक्त तुमची ओळ दिसते. तेव्हा बोली तेवढ्यावरच ठरवायची.

पहिली बोली आत्याची. तिच्याकडे एकही हुकूम नाही. किलवरचा एक्का हे एकच भरवशाचे पान, बाकी सगळी मधली आणि हलकी. ती ‘एक’ म्हणते.

आता तुम्ही. इस्पिकचा एक्का जवळजवळ एक हात धरायला हरकत नाही. कुणाकडे इस्पिक नसेल आणि त्याने हुकूम मारला तरच तो जाईल.

बदामाच्या राजाशी नवे खेळाडू बहुधा चुकतात. ते म्हणतात, एक्का बाहेर आहे, राजा धरू नये. पण बाहेर म्हणजे कुठे? तुमची सहा सोडून ४६ पाने तुम्हाला दिसत नाहीत. त्यांतली १८ इतर तिघांच्या हातात आहेत आणि २८ बाजूच्या गठ्ठ्यात झोपली आहेत. म्हणजे बदामाचा एक्का कुणाच्या तरी हातात असण्याची शक्यता दहात जेमतेम चार. उरलेल्या सहा वेळा तुमचा राजा हाच त्या डावातला सर्वांत मोठा बदाम आहे. पाने जितकी कमी वाटली जातात तितकी राजा-राणीची किंमत वाढते. ब्रिजमध्ये सगळी ५२ पाने वाटलेली असतात, तिथे हा हिशेब चालत नाही.

राहिले हुकूम. राणीच्या वर राजा आणि एक्का आहेत, दोन्ही गठ्ठ्यात असण्याची शक्यता तीनात एक इतकीच. तरी तुमच्या हातात बदामाचे एकच आणि किलवरचे एकच पान आहे. ती दोन पाने गेली की त्या रंगांच्या उताऱ्या तुम्हाला कापता येतील, आणि तेव्हा हुकमाची चव्वीही कामाला येईल. दोन हुकमांचा मिळून एक हात नक्की धरा, दुसरा नशिबावर. किलवर गुलामाचा एकही धरू नका. एक्क्याचा एक, राजाचा अर्ध्याहून थोडा अधिक, हुकमांचा एक किंवा थोडा जास्त : बेरीज तीनच्या आसपास येते. तुम्ही ‘तीन’ म्हणता.

काका हुकमाच्या राजावर ‘एक’ म्हणतात. बदामाची राणी एखादा हात करेलही, पण काका जुने खेळाडू, ते लोभात पडत नाहीत.

आता दादा. त्याच्याकडे इस्पिकचा राजा आणि हुकमाची सत्ती आहे, म्हणून मनातून त्याला ‘एक’ म्हणायचे आहे. पण बोली झाल्या एक, तीन आणि एक, म्हणजे पाच. हात सहा. एक म्हटले तर बेरीज सहा होते, म्हणून ती बोली त्याला बंद. त्याने शून्य म्हणावे की दोन? दोन हात होतील असे त्याच्या पानांत काही नाही. इस्पिकचा राजा दुसऱ्या कुणाच्या एक्क्याखाली टाकून देता येईल, सत्तीही कधीतरी फेकता येईल, असा विचार करून तो ‘शून्य’ म्हणतो.

बोली कागदावर लिहून घ्या, तोंडी ठेवू नका. चौथ्या हातापर्यंत ‘मी दोन म्हणालो होतो की तीन’ हा वाद निघतोच. आणि उतारी होण्याआधी बेरीज बघा. इथे ती पाच आहे, हात सहा. म्हणजे एक हात असा आहे जो कुणालाच नको. सगळे तो दुसऱ्याच्या गळ्यात मारायला बघणार. बेरीज हातांपेक्षा जास्त झाली असती तर उलट ओढाताण झाली असती. डावाचा रंग या एका आकड्यावरून कळतो.

पहिला हात. आत्या किलवरचा एक्का उतरते. हे बरोबर आहे. एक्का हात करायला ठेवला असेल तर लवकर काढावा, कारण पुढे लोकांचे रंग संपत जातात आणि एक्का कापला जातो. तुमच्याकडे किलवरचा गुलामच आहे, तो द्यावा लागतो. काकांकडे नव्वी आणि पंजी आहेत. हात तर जाणारच, मग ते मोठी नव्वी टाकतात आणि पंजी ठेवतात. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या : ज्यांना पुढे हात नको आहेत त्यांनी हरताना जितके मोठे पान टाकता येईल तितके टाकायचे. दादा राणी देतो. हात आत्याचा. तिची बोली पूर्ण झाली, आता तिला एकही हात नको.

दुसरा हात. उतारी आत्याचीच, म्हणून ती हलके पान शोधते. किलवरची अठ्ठी धोक्याची आहे. एक्का, राणी, गुलाम, नव्वी सगळी पडून गेली, तिच्यावर फक्त राजा आणि दश्शी उरलेत आणि तेही गठ्ठ्यात असतील तर अठ्ठीच हात करेल. ती बदामाची चव्वी टाकते. तुमच्याकडे बदामाचे एकच पान, राजा. तो पडतो. काका हरणाऱ्या हातावर बदामाची राणी सोडून देतात, दादा दश्शी. एक्का कुणाकडेच नव्हता. हात तुमचा, पहिला.

हात केला की चार पाने एकत्र करून पालथी ठेवा आणि पुढचा हात त्यावर आडवा. असे ठेवले तर समोरच्याचे किती हात झाले ते एका नजरेत मोजता येते, आणि या खेळात दुसऱ्याचे हात मोजणे आपले मोजण्याइतकेच गरजेचे आहे.

तिसरा हात. उतारी तुमची. हातात इस्पिक एक्का आणि तिर्री, चौकट राणी आणि चव्वी. आणखी दोन हात हवेत. एक्का आत्ताच काढा, आत्याने ज्या कारणासाठी काढला त्याच कारणासाठी. काका गुलाम देतात, त्यांचे ते एकमेव इस्पिक. दादाचा चेहरा उजळतो आणि तो राजा खाली सोडतो, त्याला नेमके हेच हवे होते. आत्या दश्शी टाकते. तुमचे दोन हात झाले.

आता जरा थांबा. तुमच्याकडे तीन पाने आहेत : इस्पिक तिर्री, हुकमाची राणी आणि हुकमाची चव्वी. यांतून नेमका एक हात हवा. पहिल्यांदा खेळणारा इथे हुकमाची राणी आपटतो, कारण मोठे पान हातात खुपत असते. समजा, तिने हात केला. मग तिर्री आणि चव्वी उरतील, उतारी तुमच्याच गळ्यात राहील आणि इतरांचे हुकूम संपले असतील तर चव्वी नको असताना हात करून बसेल. त्यापेक्षा इस्पिकची तिर्री उतरा. ती इतकी हलकी आहे की हात होण्याची भीती जवळपास नाही, आणि उतारी दुसऱ्याकडे जाते. मग समोरच्याचे पान बघून तुम्हाला ठरवता येते.

चौथा हात. तुम्ही इस्पिकची तिर्री टाकता. काकांकडे इस्पिक संपले आहे. त्यांना एक हात हवाच आहे, ते चौकटचा राजा मारतात. दादाकडे इस्पिकची अठ्ठी आहे, रंग असल्यामुळे तीच द्यावी लागते. आत्या पंजी देते. हात काकांचा. त्यांची बोली पूर्ण.

हिशेब करा. आत्या एक, पुरे. काका एक, पुरे. दादा शून्य, अजून सुरक्षित. तुमचे दोन, एक हवा. हात उरलेत दोन. एक तुमचा, आणि दुसरा तोच अनाथ हात.

पाचवा हात. काका बदामाची छक्की उतरतात. दादा दुर्री देतो. आत्याकडे बदामाची नव्वी आणि किलवरची अठ्ठी आहे. रंग द्यायचाच असल्यामुळे नव्वी पडते आणि तिच्या कपाळावर आठी येते, कारण आत्ता सर्वांत मोठे पान तिचे आहे. शेवटी तुम्ही. बदाम नाही, हातात दोन हुकूम. कुठलाही टाका, हात तुमचाच. मग कुठला?

हाताला सवय अशी असते की ‘चव्वीने काम होतंय तर राणी कशाला घालवू’. मेंढीकोटमध्ये ते शहाणपण आहे. इथे चव्वीने कापलेत तर शेवटच्या हाताला राणी उरते, आणि हुकमाचा राजा आत्ताच पडून गेला आहे. फक्त एक्काच तिला मारू शकतो. तो नसेल तर चौथा हात तुमच्या अंगावर आणि १३ गुणांऐवजी भोपळा. म्हणून राणीने कापा आणि चव्वी ठेवा. हात तुमचा, तीन झाले. आत्या सुटकेचा श्वास सोडते.

सहावा हात. तुम्ही चौकटची चव्वी टाकता. ही खात्रीची गोष्ट नाही, हे लक्षात असू द्या. कुणाकडेच हुकूम नसता तर चव्वीनेही हात केला असता आणि तुम्ही फसला असता. पण राणीला हरवायला एकच पान पुरे पडले असते, चव्वीला पाचपासून वरचा कुठलाही शिल्लक हुकूम चालतो. दोन वाईट शक्यतांतली कमी वाईट निवडणे एवढेच हातात होते. काका किलवरची पंजी टाकतात. दादाकडे एकच पान उरले आहे, चौकटची सत्ती. आत्या किलवरची अठ्ठी देते. हात दादाचा.

‘एकच म्हणायचं होतं मला!’ दादा ओरडतो आणि ते खरेही आहे. त्याने एक हात केला, जो त्याला बोलायचा होता आणि नियमाने बोलू दिला नाही. पण त्याच्या बाजूने डाव पुन्हा बघण्यासारखा आहे. शून्य बोलणाऱ्याला हुकमाचे मधले पान फार जड जाते. ते फेकायचे तर एक तर कुणीतरी मोठा हुकूम उतरावा लागतो, किंवा आपला एखादा रंग संपून कुणीतरी आधीच मोठा हुकूम मारलेला असावा लागतो. दादाच्या बाबतीत दोन्ही झाले नाही. सहाच्या सहा हातांत त्याला रंगाला रंग देता आला, त्यामुळे मोकळीक एकदाही मिळाली नाही. एकेका रंगाची दोन-दोन पाने आणि वर एक हुकूम असे हातात असेल तर शून्य बोलताना दोनदा विचार करावा. याउलट हुकूम मुळीच नसेल तर शून्य बऱ्यापैकी निभते.

गुण असे : आत्या ११, तुम्ही १३, काका ११, दादा शून्य.

सुरुवातीला होणारी एक गडबड वेगळी सांगायला हवी, कारण तिने डावच मोडतो. हातात रंग असताना चुकून दुसरे पान टाकले जाते. सहा-सात पाने पंख्यासारखी धरली की एखादे मागे लपते. उपाय साधा आहे. पाने रंगाप्रमाणे लावा, लाल आणि काळे रंग आलटून पालटून, म्हणजे बदाम आणि चौकट शेजारी येऊन घोळ होत नाही. चूक पुढची उतारी होण्याआधी कळली तर पान परत घेऊ द्यावे. नंतर कळली तर त्या खेळाडूला त्या डावाचे शून्य आणि बाकीच्यांसाठी डाव पुन्हा वाटावा, असे आम्ही करतो. तुमच्याकडे दुसरी शिक्षा असेल तर ती पहिला डाव वाटण्याआधीच ठरवून घ्या.

आता गठ्ठा आत्याकडे जातो. पाच पाने, हुकूम किलवर. तिच्या डावीकडे तुम्ही आहात, तेव्हा पहिली बोली तुमची आणि पहिली उतारीही. कुणी काय बोलणार हे माहीत नसताना बोलायचे आहे. पान अगदी अर्ध्यावर लटकत असेल तर अशा वेळी एक हात कमीच बोला, आणि भारी पान असेल तर ते पहिल्याच उतारीला काढा.